चार सुरांवरून सिंफनी शोधताना

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली एखादी रचना ‘ओळखून द्या’ म्हणून कोणी येतं, तेव्हा त्याच्या हातात बहुधा तीनच गोष्टी असतात. डोक्यात घुमणारी अर्धीमुर्धी सुरावट, वाद्यं कोणती वाजत होती याची धूसर आठवण, आणि ते कुठे ऐकलं ती जागा. आपल्याकडे असा प्रश्न फारसा पडत नाही. बंदिशीला शब्द असतात, अभंगाला शब्द असतात, चित्रपटगीताचा मुखडा आठवला की काम झालं. सिंफनीला शब्द नसतात आणि नाव म्हणून असतो एक क्रमांक आणि एक स्वरसप्तक. ‘जी मायनर’ हे नाव सांगून कोणाला चाल आठवेल?

माझ्या एका मित्राचे वडील पुण्यात असतात. बँकेतून निवृत्त झालेले, पेटी बऱ्यापैकी वाजवणारे. त्यांनी 80च्या दशकाच्या अखेरीस एका फिल्म सोसायटीत मोझार्टच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला होता आणि त्यातली एक सुरावट त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. “अरे, ते सुरुवातीला वाजतं ना, तेच ‘इतना ना मुझसे’ गाण्यात घेतलंय. पण मी ती कॅसेट आणली, सीडी आणली, आणि त्यात ते नाहीच!” कॅसेटवर ‘मोझार्ट, सिंफनी, जी मायनर’ असंच लिहिलं होतं. कंपनीनं चुकीचं काहीतरी भरलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. कंपनी चुकली नव्हती. काकांच्या तक्रारीत तीन धागे एकमेकांत अडकले होते, आणि ते सोडवायचे तर कोणत्या धाग्यावर किती भरवसा ठेवायचा हे आधी ठरवायला हवं होतं.

सुरावटीपासून सुरुवात केली. “काका, गाऊन दाखवा” म्हटल्यावर त्यांनी आधी तोंडानं ‘टटट-टटट’ असा ताल धरला. हे नेहमीचं आहे. ठेका आणि आवेश आधी आठवतो, सूर मागून येतात. ‘जलद होतं’, ‘अस्वस्थ करणारं होतं’, ‘दुःखी होतं’ ही वर्णनं शोधायला जवळजवळ निरुपयोगी असतात, कारण मायनर सप्तकातली निम्मी रचना या वर्णनात बसते. म्हणून मी त्यांना पेटीवर बसवलं आणि ठेका बाजूला ठेवून फक्त सूर शोधायला सांगितले. थोड्या चाचपडण्यानंतर निघालं ते असं: वरचा सा, तिथून खाली प, मग जरासा वर कोमल ध, तिथून एकदम खोल खाली मंद्र सप्तकातला शुद्ध नि, आणि लगेच सा. त्यानंतर सा, कोमल ग, प, वरचा सा अशी वर उसळणारी झेप.

सरगमची सवय असलेला माणूस इथे पाश्चात्त्य श्रोत्याच्या पुढे असतो, हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. शोधायची साधनंच तशी बनलेली आहेत. हॅरल्ड बार्लो आणि सॅम मॉर्गेनस्टर्न या दोघांनी 1948 साली सुमारे दहा हजार थीम्सचा एक कोश काढला. त्यात त्यांनी प्रत्येक थीम, मूळ कोणत्याही सप्तकात असली तरी, सूचीसाठी सी मेजर किंवा सी मायनरमध्ये आणून लिहिली आणि मग शब्दकोशासारखी अक्षरक्रमानं लावली. म्हणजे प्रत्येक थीमचा सा त्यांनी ‘सी’वर आणून ठेवला. आपण सरगम लिहितो तेव्हा नेमकं हेच करतो. काकांचे सूर त्या कोशाच्या भाषेत सी, जी, ए फ्लॅट, बी, सी असे होतात आणि तिथे बोट ठेवलं की रचनेचं नाव मिळतं.

फक्त सा कुठे आहे हे बरोबर ठरवावं लागतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. आठवलेला पहिला सूर म्हणजेच सा, असं माणूस गृहीत धरतो. मोझार्टच्या प्रसिद्ध चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात घ्या. तिच्यात पहिला सूर कोमल ध आहे: ध प प, ध प प, ध प प, आणि मग वरच्या सप्तकातल्या कोमल गवर उडी. पहिल्याच सुराला सा मानलंत तर तुमच्या वहीत ‘सा नि नि, सा नि नि’ असं काहीतरी उतरेल आणि त्या नोंदीवरून कोशात तुम्ही भलत्याच पानावर जाल. उपाय सोपा आहे. आठवेल तितकं पुढे गात राहायचं आणि सुरावट कुठे विसावते ते बघायचं. ती जिथे घरी आल्यासारखी वाटते तो सा. चार सुरांपुढे आठवतच नसेल तर दोन-तीन वेगवेगळे सा धरून दोन-तीन नोंदी तपासाव्यात.

ज्यांना सूर ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी डेनिस पार्सन्स यांनी 1975 साली आणखी सोपी पद्धत काढली. सूर नेमका कोणता हे विसरायचं आणि पुढचा सूर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला एवढंच लिहायचं. म्युझिपीडियासारख्या संकेतस्थळांवर आजही या पद्धतीनं शोधता येतं. काकांच्या सुरावटीची नोंद होते खाली, वर, खाली, वर. चाळिसाव्या सिंफनीची होते खाली, तेच, वर, खाली, तेच, वर. दोन्हींत गल्लत होणं शक्यच नाही, हे इतक्यावरूनही दिसतं.

पण या सोपेपणाची किंमत मोजावी लागते. मोझार्टचं ‘रिक्विएम’ हे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत, 1791 साली त्याच्या मृत्यूमुळे अपुरं राहिलेलं. त्यातल्या ‘किरिए’ या भागाची मुख्य सुरावट आहे प, कोमल ग, कोमल ध आणि मग खोल खाली मंद्र नि. पार्सन्सच्या पद्धतीत लिहिलं तर खाली, वर, खाली. म्हणजे काकांच्या सुरावटीच्या पहिल्या चार सुरांची नोंद आणि हिची नोंद एकच! हँडलच्या ‘मसाया’मधल्या एका समूहगीताचीही अशीच सुरुवात आहे. कोमल धवरून मंद्र शुद्ध निवर ती मोठी उडी मारणं हा अठराव्या शतकातल्या संगीतकारांचा ठरलेला अलंकार होता. व्यथा, पश्चात्ताप, गांभीर्य दाखवायचं तर ही उडी घ्यायची, असा जवळजवळ संकेतच. म्हणून ती उडी आठवली एवढ्यानं रचना सापडत नाही. तिच्या आधीचे सूर हवेत. पहिले दोन सूर ‘सा, प’ आहेत की ‘प, ग’, यावर इथे सगळा फरक पडतो.

दुसरी अडचण ठेक्याची. काकांच्या तोंडी ‘टटट-टटट’ उगाच आलं नव्हतं. त्या रचनेत व्हायोलिनं प्रत्येक लांब सूर अनेकदा वाजवतात आणि तेही तालाच्या मात्रेवर नाही, मात्रांच्या मधे. त्याच वेळी ओबो तेच सूर सरळ, लांब धरतात. तुमच्या कानानं व्हायोलिन पकडलं असेल तर पार्सन्सच्या नोंदीत ‘तेच, तेच, तेच’ची रांग लागेल, ओबो पकडला असेल तर लागणार नाही. म्हणून शोधताना दोन्ही नोंदी करून बघाव्या लागतात. एकीनं काही हाती लागलं नाही म्हणून रचना अस्तित्वातच नाही असं समजू नये.

मोबाइलवरच्या गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपचा उल्लेख वाचकाच्या मनात आलाच असेल. शझामसारखं अ‍ॅप समोर वाजत असलेलं विशिष्ट रेकॉर्डिंग आपल्या साठ्यातल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघतं. ते सूर ओळखत नाही, तो ध्वनीच ओळखतं. त्यामुळे टीव्हीवर वाजतंय तोवर फोन पुढे धरलात तर उपयोग, पण डोक्यातलं गुणगुणून दाखवलंत किंवा सभागृहात प्रत्यक्ष वाद्यवृंद ऐकत असलात तर त्याची मदत फारशी होत नाही. गुणगुणण्यावरून शोधणारी साधनं आता आहेत. प्रसिद्ध रचनेचा ठळक मुखडा असला तर ती चालतात, मधलाच एखादा तुकडा गायलात तर अडखळतात.

आता दुसरा धागा, वाद्यांचा. काकांनी सांगितलं, “व्हायोलिनं खूप, आणि मागे भोंग्यासारखं काहीतरी. तबला-ढोल असलं काही नाही.” हे दिसतं त्यापेक्षा बरंच बोलकं आहे. वाद्यवृंद काळानुसार वाढत गेला, आणि कोणतं वाद्य कधी आलं यावरून रचनेचं वय साधारण ठरवता येतं. सिंफनीत ट्रॉम्बोनचा दणका ऐकला असेल तर ती बहुधा 1808 नंतरची. त्या वर्षी बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत ते वाजले. चेलेस्टाची चांदीच्या घंटेसारखी किणकिण असेल तर 1886 नंतरची, कारण ते वाद्यच तेव्हा निघालं. उलट नुसती तंतुवाद्यं, दोन-चार फुंकवाद्यं आणि हॉर्न असतील, ढोल म्हणजे टिंपनी नसतील, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे जावं.

काकांनी आठवलेली रचना म्हणजे मोझार्टची पंचविसावी सिंफनी. तिच्यात तंतुवाद्यांखेरीज दोन ओबो, दोन बसून आणि चक्क चार हॉर्न आहेत. बासरी नाही, ट्रंपेट नाही, टिंपनी नाही. एवढ्या छोट्या ताफ्यात चार हॉर्न कशाला, असा प्रश्न पडावा. त्या काळी हॉर्नला झडपा नव्हत्या. त्या एकोणिसाव्या शतकात आल्या. नळीच्या लांबीनुसार जे नैसर्गिक स्वर निघतात तेवढेच त्यातून वाजायचे, आणि ते मेजर सप्तकाला जवळचे असायचे. मायनरमधला कोमल ग एका जातीच्या हॉर्नमधून नीट मिळत नसे. म्हणून मोझार्टनं दोन हॉर्न ‘जी’चे आणि दोन ‘बी फ्लॅट’चे घेतले. एका जोडीला जो स्वर सापडत नाही तो दुसरीनं द्यायचा. काकांना मागे ‘भोंगा’ ऐकू आला तो असा. चाळिसाव्या सिंफनीत मात्र दोनच हॉर्न आहेत आणि एक बासरी आहे, जी पंचविसाव्यात नाही.

इतकं झाल्यावरही वाद्यांच्या आठवणीवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. ती आठवण कितपत खरी, हे तिसरा धागा सांगतो, आणि माझ्या मते तिथेच लोक सर्वांत कमी लक्ष देतात. ‘कुठे ऐकलं’ हा प्रश्न फक्त नाव हुडकण्यासाठी नसतो. ऐकलेली रचना मूळ रूपात होती की कोणीतरी बदललेली, हे त्यावरून कळतं.

काकांनी तीच रचना तीन रूपांत ऐकल्याचं त्यांना वाटत होतं. एक, 1984 सालचा मिलोश फोरमन यांचा ‘आमाडेउस’. त्याच्या सुरुवातीला म्हातारा सालिएरी स्वतःचा गळा चिरून घेतो आणि त्याला बर्फाच्या रस्त्यातून उचलून नेतात तेव्हा पंचविसाव्या सिंफनीचा पहिला भाग वाजतो. या चित्रपटाचं संगीत नेव्हिल मॅरिनर यांनी अ‍ॅकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं, आणि मोझार्टचा एकही सूर बदलणार नाही या अटीवर त्यांनी काम स्वीकारलं होतं. म्हणजे इथली वाद्यांची आठवण खरी धरायला हरकत नाही. पण ‘मोझार्टच्या चित्रपटात ऐकलं’ एवढंच म्हटलं असतं तर भागलं नसतं, कारण त्याच चित्रपटाच्या शेवटी ‘रिक्विएम’ही वाजतं, आणि त्यातल्या एका भागाशी काकांच्या सुरावटीचा गोंधळ कसा होऊ शकतो ते वर आलंच आहे. ‘सुरुवातीला’ आणि ‘कोणी गात नव्हतं’ हे दोन तपशील निर्णायक ठरले. ‘रिक्विएम’मध्ये समूहगान असतं आणि ते विसरणं अवघड आहे.

दुसरं, ‘छाया’ या 1961 सालच्या चित्रपटातलं तलत महमूद आणि लता मंगेशकर यांचं गाणं. सलील चौधरींनी त्याचा मुखडा मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतला हे सर्वश्रुत आहे. इथे वाद्यांच्या आठवणीचा काहीही उपयोग नाही, कारण वाद्यवृंद मुंबईच्या स्टुडिओतला आहे आणि मांडणी संपूर्ण सलीलदांची. मुखड्यातली ‘एक सूर, खाली, तोच’ ही तिहेरी आवृत्ती तेवढी मोझार्टची, पुढची वाट त्यांची स्वतःची. चित्रपटगीतावरून मूळ रचना शोधायची तर पहिल्या ओळीपलीकडे जाऊच नये.

तिसरं काकांना स्वतःला आठवत नव्हतं, पण मी पंचविसाव्या सिंफनीचं रेकॉर्डिंग लावल्यावर त्यांच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “अहो, हे तर टायटनच्या घड्याळाचं!” 1987 पासून दूरदर्शनवर आणि पुढे सगळ्या वाहिन्यांवर वाजलेली टायटनची धून पंचविसाव्या सिंफनीच्या पहिल्या भागातूनच घेतली आहे. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत मोझार्ट नाव न सांगता पोहोचला तो तिच्यामुळे. पण जाहिरात ही शोधायला सर्वांत फसवी जागा. काही सेकंदांत बसवण्यासाठी मूळ संगीत कापलेलं असतं, तुकडे मागेपुढे केलेले असतात, वाद्यं बदललेली असतात. जाहिरातीची सुरुवात ही रचनेचीही सुरुवात असेल असं मानून पहिली दोन मिनिटं ऐकली आणि ‘नाहीये’ म्हणून सोडून दिलं, तर रचना हातातून जाते. जाहिरातीत ऐकलेल्यासाठी पूर्ण भाग शेवटपर्यंत ऐकावा.

प्रत्यक्ष मैफलीत ऐकलं असेल तर कार्यक्रमपत्रिका मिळवावी. पण तिथेही एक खाच आहे. अशा मैफलींचा क्रम बराचसा ठरलेला असतो: आधी ओव्हर्चरसारखी छोटी रचना, मग एखाद्या एकल वादकासह कॉन्चेर्तो, मध्यंतर, आणि शेवटी सिंफनी. टाळ्या थांबेनात म्हणून शेवटी जे वाजवतात, ती ‘आँकोर’ची रचना पत्रिकेत छापलेलीच नसते. ती छोटी, ठसकेदार आणि सर्वांत शेवटी ऐकलेली, म्हणून घरी जाताना ओठांवर तीच राहते. मुंबईत एनसीपीएला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकून आलेल्या माणसाला सुरावट आठवत असेल आणि पत्रिकेतल्या एकाही रचनेत ती सापडत नसेल, तर आँकोर कोणती होती हे सोबत गेलेल्यांना विचारून बघावं.

काकांचा गुंता आता असा सुटला. चित्रपटात ऐकली ती पंचविसावी सिंफनी. ‘छाया’च्या गाण्यात आहे ती चाळिसावी. त्यांनी आणलेल्या कॅसेटवर होती तीही चाळिसावीच. मोझार्टच्या क्रमांक दिलेल्या एकेचाळीस सिंफनींपैकी फक्त या दोन मायनर सप्तकात आहेत, आणि दोन्हींचं सप्तक जी मायनरच. मोझार्ट, जी मायनर, व्हायोलिनं, अस्वस्थ चाल: काकांच्या मनात या चार खुणांनी दोन रचना एकमेकींत विरघळल्या होत्या. आठवण अशीच चालते. तिला दोन सारख्या गोष्टी वेगळ्या ठेवण्यापेक्षा एकत्र ठेवणं सोपं जातं.

वेगळ्या ओळखायला मात्र पहिले काही सेकंदही पुरतात. चाळिसावी हळू आवाजात सुरू होते. आधी व्हिओलांची खालच्या सुरातली धडधड आणि त्यावर लगेच येणारी ती ‘ध प प’. पंचविसावी पहिल्या सुरापासून जोरात सुरू होते, चार लांब सूर आणि मग झेप. एक सावधगिरी हवी. चाळिसाव्या सिंफनीचा शेवटचा भागही मायनरमधल्या अशाच वर उसळणाऱ्या झेपेनं सुरू होतो. अठराव्या शतकात मानहाइमच्या वाद्यवृंदानं ही झेप लोकप्रिय केली आणि पुष्कळांनी ती उचलली. म्हणून नुसती झेप आठवत असेल तर ओळख पक्की धरू नका, तिच्या आधीचे चार सूर हवेतच.

ओळख पटली की एकदा मूळ नोटेशन बघून खात्री करावी. मोझार्टची सगळी नोटेशन्स प्रताधिकारमुक्त आहेत आणि आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. काकांनी पहिलं पान पेटीवर वाजवून पाहिलं. युरोपियन नोटेशन त्यांना वाचता येत नव्हतं, पण ओबोच्या ओळीतले चार लांब ठोकळे आणि त्यांचं वर-खाली जाणं नुसतं पाहूनही कळत होतं. ते त्यांच्या सरगमशी तंतोतंत जुळलं.

पंचविसावी सिंफनी मोझार्टनं 1773च्या ऑक्टोबरमध्ये साल्झबर्गला लिहून पूर्ण केली, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. चाळिसावी 1788च्या जुलैमधली. रेकॉर्डिंग विकत घेताना किंवा ऑनलाइन शोधताना सिंफनीच्या सप्तकावर जाऊ नका, क्योखेलनं केलेल्या सूचीतला आकडा बघा. पंचविसाव्या सिंफनीचा आकडा के. 183 आहे आणि चाळिसाव्याचा के. 550. वेष्टणावर नुसतं ‘मोझार्ट, सिंफनी, जी मायनर’ एवढंच असेल तर ती जवळजवळ नक्कीच चाळिसावी समजा, आणि पंचविसावी हवी असेल तर परत ठेवा.